लॅपटॉपचं वय बिलावरून मोजू नका

प्रश्न: माझा लॅपटॉप २०२० च्या मध्यात घेतलेला आहे. दहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. मी भाषांतराचं काम करते, रोजचे सात-आठ तास त्यावरच जातात. नवा होता तेव्हा एका चार्जिंगवर साडेचार तास चालायचा, आता दीड तासात मान टाकतो. पंखा सारखा घोंघावतो, ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब उघडले की सगळं अडखळतं. अजून विंडोज १० च आहे. दुरुस्तीवाले म्हणाले, "पाच वर्षं झाली, आता यात पैसे घालू नका. अपडेटही बंद झालेत, नवा घ्या." आधीचा लॅपटॉपही चारच वर्षं टिकला होता. लॅपटॉपचं आयुष्य खरंच एवढंच असतं का? आणि घ्यायचाच तर एकदाच महागातला घेऊन तो दहा वर्षं वापरता येईल का? बॅटरीचा रिपोर्ट काढून सोबत जोडते आहे.
– एक वाचक

उत्तर:

नमस्कार. रिपोर्ट जोडलात हे फार बरं केलंत. त्यामुळे मला अंदाजाने बोलावं लागत नाही. त्यातल्या तीन ओळींत तुमच्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर आहे. इतर वाचकांनाही आपला रिपोर्ट काढता यावा म्हणून कमांड देतो. विंडोजमध्ये Command Prompt उघडून एवढंच लिहायचं:

```
powercfg /batteryreport
```

रिपोर्टची फाइल कुठे ठेवली तेही तिथेच दिसतं. ती ब्राउझरमध्ये उघडली की वरच्या भागात या ओळी सापडतात. तुमच्या रिपोर्टमधल्या अशा आहेत:

```
DESIGN CAPACITY        41,040 mWh
FULL CHARGE CAPACITY   21,340 mWh
CYCLE COUNT            640
```

पहिली ओळ म्हणजे बॅटरी नवी असताना तिच्यात किती मावायचं, दुसरी म्हणजे आज किती मावतं, आणि तिसरी म्हणजे आजवर किती चक्रं झाली, एक चक्र म्हणजे पूर्ण बॅटरीइतका वापर. म्हणजे तुमची बॅटरी ५२ टक्क्यांवर आली आहे. आता हाच आकडा तुमच्या अनुभवाशी ताडून पाहा. साडेचार तासांचे ५२ टक्के म्हणजे दोन तास वीस मिनिटं. बॅटरी अर्धी झिजली असली तरी तेवढा वेळ लॅपटॉप चालायला हवा. तुमचा मात्र दीड तासातच बंद पडतो. मधली पन्नास मिनिटं कुठे गेली?

वॉटमध्ये मांडलं की हे अधिक स्पष्ट होतं. नवा असताना ४१ वॉट-तास साडेचार तास पुरत होते, म्हणजे यंत्र सरासरी ९ वॉट खात होतं. आता २१ वॉट-तास दीड तासात संपतात, म्हणजे ते १४ वॉट खातंय. थोडा दोष म्हाताऱ्या बॅटरीचाच आहे. तिचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, त्यामुळे शेवटचे काही टक्के हाती लागत नाहीत आणि दहा-बारा टक्क्यांवरच स्क्रीन काळी होते. पण एवढी मोठी तफावत एकट्या बॅटरीमुळे पडत नाही. तुमचं यंत्र पूर्वीपेक्षा जास्त दमतंय. पंखा घोंघावणं, टॅब अडखळणं आणि चार्जिंग लवकर संपणं या तुम्ही तीन वेगळ्या तक्रारी म्हणून लिहिल्यात, पण त्यांचं मूळ बहुधा एकच आहे.

ते मूळ बघायला Task Manager उघडा, त्यात Performance आणि मग Memory. तुमचं नेहमीचं काम चालू असताना, सगळे टॅब आणि शब्दकोश उघडे असताना बघा, रिकाम्या यंत्रावर नको. Committed या शब्दाखाली दोन आकडे असतात. त्यातला पहिला आकडा ८ जीबीच्या बराच वर, समजा १२-१३ जीबीपर्यंत गेलेला असेल, तर रॅम कमी पडतेय. रॅममध्ये जागा उरली नाही की विंडोज काही मजकूर दाबून लहान करतं आणि काही एसएसडीवर टाकतं. तुम्ही दुसऱ्या टॅबवर गेलात की तो परत आणतं. ही ने-आण दिवसभर चालते. प्रोसेसरला उसंत मिळत नाही, तो तापतो, पंखा वेग धरतो आणि बॅटरी उपसली जाते. २०२० साली ८ जीबी पुरेसे होते. तुमचं यंत्र तेव्हा होतं तेवढंच आजही आहे, फुगल्या आहेत त्या वेबसाइटी.

त्याच पानावर खाली Slots used आणि Form factor असं लिहिलेलं दिसेल. Slots used समोर 1 of 2 आणि Form factor समोर SODIMM असेल तर आनंद माना, दुसऱ्या खाचेत आणखी ८ जीबीची पट्टी बसवता येते. Row of chips असं दिसलं तर रॅम मदरबोर्डवर डाखलेली असण्याची शक्यता जास्त, आणि मग वाढवायला वाव नसतो. काही मॉडेलांत थोडी रॅम डाखलेली आणि सोबत एक खाच रिकामी असाही प्रकार असतो, म्हणून पट्टी विकत घेण्याआधी मॉडेल क्रमांक टाकून कंपनीची सेवा-पुस्तिका एकदा चाळा.

आता पंख्याचं दुसरं कारण. लॅपटॉपच्या आत पंख्याच्या तोंडाशी पातळ धातूच्या पट्ट्यांची एक जाळी असते. उष्णता तिच्यातूनच बाहेर पडते. चार-पाच वर्षांत पंखा आणि जाळी यांच्यामध्ये धुळीचा आणि तंतूंचा एक थर जमतो. नमदा जसा दाबून बसवलेला असतो तसा तो दिसतो, आणि चिमट्याने धरून ओढला तर कधी कधी अखंड पट्टीसारखा निघतो. बाहेरून हवेचा फवारा मारून तो निघत नाही, थोडा सैल होऊन पुन्हा तिथेच अडकतो. मागचं झाकण उघडून पंखा सोडवावाच लागतो. त्याच वेळी प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावायची. उघडायच्या आधी आणि नंतर अर्धा तास नेहमीचं काम करून तापमान नोंदवून ठेवा. आधी जिथे पारा नव्वदीच्या वर जात होता तिथे सफाईनंतर दहा-पंधरा अंशांचा फरक पडलेला मी पुष्कळदा पाहिला आहे. फरक पडलाच नाही तर पेस्ट नीट बसलेली नाही असं समजून परत उघडायला सांगा.

दुरुस्तीवाल्यांनी अपडेटबद्दल सांगितलं त्यात अर्धंच तथ्य आहे. विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, हे खरं. पण म्हणून तुमचं यंत्र बाद होत नाही. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. तुमचा प्रोसेसर दहाव्या पिढीचा आहे. तरीही यंत्र 'पात्र नाही' असं दाखवत असेल, तर बहुतेक वेळा टीपीएम बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, बंद असतं. Run मध्ये `tpm.msc` लिहा. तिथे Specification Version 2.0 दिसलं तर काम झालं. टीपीएम सापडत नाही असं आलं तर बायोसमध्ये जाऊन Intel PTT किंवा तशा नावाचा पर्याय चालू करा. मात्र बायोसला हात लावण्याआधी ड्राइव्हवर BitLocker किंवा Device encryption चालू आहे का ते बघा आणि असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. नाहीतर पुढच्या वेळी यंत्र सुरू करताना ती मागितली जाते आणि की हाताशी नसेल तर स्वतःच्याच फाइली स्वतःला उघडता येत नाहीत. भाषांतराचं अर्धवट काम आत असताना हे घडायला नको.

आता तुमचा मुख्य प्रश्न, आयुष्य किती? माझं मत असं की लॅपटॉपला एक आयुष्य नसतं. त्यात चार-पाच घड्याळं वेगवेगळ्या वेगाने चाललेली असतात. बॅटरीचं घड्याळ तीन ते पाच वर्षांचं. पंखा आणि पेस्ट यांचंही साधारण तेवढंच. बिजागरी वापरावर अवलंबून असते, पण प्लास्टिकच्या सांगाड्यात ती पाचव्या-सहाव्या वर्षी कुरकुरू लागते. प्रोसेसर, रॅम, मदरबोर्ड उष्णतेत आणि ओलाव्यात भाजले नाहीत तर आठ-दहा वर्षं सहज काढतात. एसएसडीची भीती लोक उगाच बाळगतात. ५१२ जीबीच्या साधारण ड्राइव्हला कंपन्या ३०० टेराबाइटच्या आसपास लेखनाची हमी देतात. रोज २० जीबी लिहिले तरी वर्षाला सात-सव्वासात टेराबाइट होतात, म्हणजे चाळीस वर्षं झाली. तुमच्या यंत्रावर रॅम अपुरी असल्याने लेखन जास्त होत असेल, रोज ५० जीबी धरा, तरी सोळा वर्षं. एसएसडी झिजून जात नाही. गेलीच तर तिचा कंट्रोलर एका दिवशी काही न कळवता जातो, आणि त्यावर बॅकअपखेरीज उपाय नाही.

शेवटचं घड्याळ सॉफ्टवेअरचं, आणि एवढ्याचीच अखेर तारखेनिशी ठरलेली असते. बाकीची दुरुस्त होतात, हे होत नाही. म्हणून मी मोजणी इथून सुरू करतो. आणि हे घड्याळ तुम्ही बिल केलं त्या दिवशी सुरू होत नाही, प्रोसेसर बाजारात आला त्या दिवशी होतं. हा मुद्दा नीट ध्यानात घ्या, कारण बहुतेक लोक इथेच फसतात. इंटेलची आठवी पिढी २०१७ च्या उत्तरार्धात आली आणि विंडोज ११ ने चार वर्षांनी रेघ ओढली ती नेमकी तिच्या आधी, म्हणजे सातवी पिढी बाहेर राहिली. समजा एकाने २०१७ च्या सुरुवातीला सातव्या पिढीचा लॅपटॉप घेतला. त्याला ऑक्टोबर २०२५ पर्यंत साडेआठ वर्षं मिळाली. दुसऱ्याने तेच मॉडेल २०१९ मध्ये सवलतीत, 'अगदी नवा, सीलबंद' म्हणून घेतलं. त्याला सहाच मिळाली. खोका नवा होता, पण आतलं वय आधीच दोन वर्षांचं होतं. क्रोमबुकमध्येही हेच. गूगल आता दहा वर्षं अपडेट देतं, पण ती दहा वर्षं ते मॉडेल ज्या हार्डवेअरवर बेतलेलं आहे ते बाजारात आल्यापासून मोजली जातात. मॅकमध्ये इंटेलच्या यंत्रांवर चालणारी शेवटची आवृत्ती टाहो ही आहे, तीही थोड्याच इंटेल मॉडेलांवर.

त्यामुळे 'किती वर्षं टिकेल' याचं माझं वास्तव उत्तर असं. पातळ प्लास्टिकचा, कमी रॅम डाखलेला, वर्ष-दोन वर्षं जुन्या प्रोसेसरचा लॅपटॉप चार ते पाच वर्षं. ताज्या प्रोसेसरचा, उघडता येण्याजोगा, पुरेशी रॅम असलेला आणि मध्ये एकदा नीट दुरुस्त केलेला लॅपटॉप सात ते आठ वर्षं. दहा वर्षं गाठणारी यंत्रं मी पाहिली आहेत, पण शेवटची दोन वर्षं ती एका जागी चार्जरला जोडून, हलक्या कामासाठी चालतात. रोजीरोटीच्या यंत्राचा हिशोब दहा वर्षांवर बेतू नका, आठवर बेता.

महागातला घेतला की जास्त टिकतो, हे गृहीतक मात्र सोडून द्या. किमतीचा मोठा वाटा तगडा प्रोसेसर, वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि पातळ बांधा यांत जातो. तगडा प्रोसेसर आणि ग्राफिक्स जास्त तापतात. पातळ बांध्यात रॅम डाखलेली असते, पंखा छोटा असतो आणि बॅटरी कधी कधी गोंदाने चिकटवलेली असते. म्हणजे जास्त पैसे देऊन तुम्ही पाचव्या वर्षीच्या दुरुस्तीचा दरवाजा स्वतःच बंद करता. टिकण्यासाठी पैसे घालायचे तर ते कार्यालयीन वापरासाठी बनवलेल्या मालिकांमधल्या मधल्या दर्जाच्या मॉडेलात घाला. दिसायला ती साधी असतात, पण त्यांच्या सेवा-पुस्तिका उघड मिळतात, मागचं झाकण साध्या स्क्रूंनी निघतं आणि सुटे भाग बरीच वर्षं सापडतात.

आता तुमच्या यंत्राचा निर्णय. पैशांऐवजी भागांत बोलतो, म्हणजे हिशोब कुठल्याही किमतीला लावता येईल. नव्या लॅपटॉपची किंमत १०० भाग धरा आणि तो आठ वर्षं चालेल असं धरा. म्हणजे वर्षाला साडेबारा भाग. तुमच्या जुन्याला बॅटरी, ८ जीबीची पट्टी आणि सफाई मिळून समजा १८ भाग लागले आणि त्याने अडीच वर्षं आणखी काढली, तर वर्षाला सात भाग पडतात. नव्याच्या वर्षापेक्षा हे वर्ष स्वस्त आहे, म्हणून दुरुस्ती करावी. उलट उद्या मदरबोर्ड गेला, त्याला ५० भाग सांगितले आणि तुम्हाला दोन वर्षं मिळणार असतील, तर वर्षाला पंचवीस भाग होतात, नव्याच्या दुप्पट. तिथे थांबायचं. दुरुस्तीच्या खर्चाला मिळणाऱ्या वर्षांनी भागायचं आणि नव्याच्या एका वर्षाच्या खर्चाशी ताडायचं, बस. 'पाच वर्षं झाली' हा आकडा या हिशोबात कुठेच येत नाही.

एक अट मात्र आहे. पैसे घालण्याआधी यंत्र खरंच धडधाकट आहे का ते बघून घ्या. लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवा आणि एका कोपऱ्यावर बोटाने दाबा. तो डुगडुगला, किंवा टचपॅड मधोमध किंचित वर आलेलं वाटलं, तर बॅटरी फुगलेली असू शकते. हे मी अनुभवाने सांगतो. माझ्या एका यंत्राचं टचपॅड दाबलं जाईना. महिनाभर मी टचपॅडलाच दोष देत होतो, आणि खाली बॅटरी उशीसारखी फुगून ते वर ढकलत होती. अशी बॅटरी दिसली तर चार्जर लगेच काढा, यंत्र वापरू नका, बॅटरी टोचू किंवा दाबू नका. ती काढून ई-कचऱ्याच्या केंद्रात द्या, घरातल्या केराच्या डब्यात नाही. दुसरी तपासणी बिजागरीची. स्क्रीन हळूहळू उघडताना खालच्या कोपऱ्यांकडे बघा. तिथे कीबोर्डची पट्टी आणि खालचं झाकण यांच्यामध्ये फट पडत असेल, तर आत प्लास्टिकमध्ये रुतवलेल्या पितळी कड्या सुटू लागल्या आहेत. सुरुवातीला हे जोडता येतं, पण तसंच उघडझाप करत राहिलात तर एक दिवस बिजागरी स्क्रीनची वायर ओढून तोडते. म्हणून आतापासून लॅपटॉप एका कोपऱ्याला धरून उघडण्याऐवजी मधोमध धरूनच उघडायचा.

बॅटरी बदलताना घाई आणि दिरंगाई दोन्ही नको. पुढे लागेल म्हणून आधीच जास्तीची आणून ठेवू नका, लिथियम-आयन बॅटरी कपाटात पडूनही म्हातारी होते. पण सातव्या वर्षापर्यंतही थांबू नका, कारण तोवर कंपनीची मूळ बॅटरी मिळेनाशी होते आणि बाजारात उरतात त्या नावाला सारख्या असलेल्या. तुमचं यंत्र आत्ता त्या दोन टोकांच्या बरोबर मध्ये आहे. नवी बसवल्यावर लगेच पुन्हा तोच रिपोर्ट काढा. दुसरा आकडा पहिल्याच्या जवळपास असायला हवा आणि CYCLE COUNT शून्य किंवा फार तर चार-पाच. तो शंभरच्या घरात असेल किंवा क्षमता ८५ टक्केच दिसत असेल, तर तुम्हाला जुनी किंवा खोटी बॅटरी दिली आहे. हमीचे दिवस संपायच्या आत परत करा.

आणि ही नवी बॅटरी जुनीसारखी झिजू नये म्हणून एक गोष्ट करा. तुमची ६४० चक्रं साडेपाच वर्षांची आहेत, म्हणजे सरासरी तीन दिवसांना एक. याचा अर्थ तुम्ही बहुतेक वेळ चार्जर लावूनच काम करता. बॅटरी पाचशे चक्रांत ऐंशी टक्क्यांवर येते असं धरलं तरी ६४० चक्रांत ती पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास असायला हवी होती. ती त्याच्याही खाली गेली, कारण वर्षानुवर्षं १०० टक्के भरलेली आणि तापलेल्या प्रोसेसरच्या शेजारी राहिली. पूर्ण भरलेल्या अवस्थेत पेशींचा दाब म्हणजे व्होल्टेज सर्वांत जास्त असतं, त्यात उष्णता मिळाली की आतली रसायनं लवकर बिघडतात. बहुतेक कंपन्यांच्या सेटिंगच्या अॅपमध्ये किंवा बायोसमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, जागेवर बसून काम करणाऱ्याला ६० सुद्धा चालतं. प्रवासाच्या आदल्या रात्री तेवढी मर्यादा काढायची. तुमच्या मॉडेलात ही सोय नसेल तर दुसरा उपाय म्हणून रात्री यंत्र बंद करून चार्जर काढून ठेवा.

यापुढचं वेळापत्रक मी तुमच्या जागी असतो तर असं आखलं असतं. या महिन्यात बॅकअप, मग सफाई, पट्टी आणि बॅटरी, आणि यंत्र ठीक चालतंय असं दिसल्यावर विंडोज ११. याने २०२८ च्या मध्यापर्यंत, म्हणजे यंत्र आठ वर्षांचं होईपर्यंत काम भागावं. दर सहा महिन्यांनी बॅटरीचा रिपोर्ट आणि Committed चा आकडा वहीत लिहून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे, पण बिघाड यायच्या आधी त्याची चाहूल लागते. दरम्यान नव्या लॅपटॉपसाठी महिन्याला थोडं बाजूला ठेवा. नवा अशा वेळी घ्या की जुना अजून चालू आहे. बंद पडल्यावर घाईत घेतलेला लॅपटॉप दुकानात जो पुढे केला जाईल तोच असतो, आणि तो पुष्कळदा मागच्या वर्षीचा शिल्लक माल असतो. तुमचा आधीचा लॅपटॉप चार वर्षांत गेल्यावर हा असाच घेतलात का, ते एकदा आठवून पाहा.

मध्येच विंडोजची पुढची आवृत्ती आली आणि तुमचं यंत्र रेघेबाहेर पडलं तरी घाबरू नका. विंडोज ११ च्या अटी जून २०२१ मध्ये जाहीर झाल्या आणि विंडोज १० त्यानंतर चार वर्षांहून अधिक काळ चाललं. जुन्या यंत्राला अशी मुदत मिळते, आणि तोवर तुमचं २०२८ आलेलं असेल.

नवा घेताना प्रोसेसर गेल्या वर्षभरात बाजारात आलेला असावा, हे आधी बघा. प्रोसेसरचं पूर्ण नाव टाकून इंटेल किंवा एएमडीच्या संकेतस्थळावर तो कधी आला ते मिळतं. नावातल्या मोठ्या आकड्याला भुलू नका, जुनाच प्रोसेसर नव्या नावाने येतो असं पुष्कळदा घडतं, म्हणून तारखेबरोबर तो मुळात कोणत्या पिढीचा आहे तेही बघा. रॅम खाचेत असेल तर १६ जीबी घ्या, पुढे वाढवता येते. डाखलेली असेल तर ३२ घ्या, कारण चौथ्या वर्षी तुम्हाला ही संधी मिळणार नाही. आत्ताच्या लॅपटॉपने तुम्हाला नेमकं इथेच अडवलं. प्रोसेसर मात्र एक पायरी खालचा चालेल, भाषांतराच्या कामाला त्याचा वेग कधीच कमी पडत नाही. दोन यूएसबी-सी पोर्टांवरून चार्ज होणारं मॉडेल असेल तर उत्तम, एक पोर्ट सैल झालं तरी दुसऱ्यावर काम निभतं. आणि पैसे देण्याआधी त्या मॉडेलची सेवा-पुस्तिका उघडून बॅटरी काढण्याचं पान शोधा. तिथे आठ-दहा स्क्रू आणि एक जोडणी एवढंच दिसलं तर तो लॅपटॉप चौथ्या वर्षी दुरुस्त होईल. पुस्तिकाच सापडली नाही, किंवा बॅटरीपर्यंत पोचायला कीबोर्ड आणि मदरबोर्ड आधी काढावे लागत असतील, तर दुसरा बघा.

नवा घेतल्यावर हा जुना फेकू नका. १६ जीबी रॅम आणि चांगली बॅटरी असलेला आठ वर्षांचा लॅपटॉप, त्यावर लिनक्स टाकून, नवा दुरुस्तीला गेला की आठवडाभर तुमचं काम अडू देणार नाही. सफाईसाठी झाकण उघडाल तेव्हा आतला एक फोटो काढून मला पाठवा, रॅमची दुसरी खाच आणि बॅटरीवरचा भाग-क्रमांक दिसेल असा. पट्टी आणि बॅटरी कोणती घ्यायची ते मी बघून कळवतो.